विद्युतदाहिनीत दहन: दार बंद होण्याआधी आणि नंतर घरच्यांनी काय करायचं

प्रश्न: बाबा ८१ वर्षांचे आहेत. माझं दहन विद्युतदाहिनीतच करा, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. आत्या म्हणते, लाकडं नाहीत म्हणजे मंत्राग्नी नाही, मडकं नाही, सावडणं नाही. खरंच यातलं काहीच होत नाही का? आमच्या हाताने करायचं असं नेमकं काय उरतं?

उत्तर:

जवळजवळ सगळं उरतं. बदलतो तो क्रम, आणि तोही एका कारणाने: दाहिनीचं दार एकदा बंद झालं की तुम्हाला देहाजवळ जाता येत नाही. चितेवर अग्नी दिल्यानंतर जी कर्मं आपण चितेभोवती करतो, ती इथे दाराच्या अलीकडे करून घ्यावी लागतात. ती अलीकडे आणताना विस्कटू द्यायची नाहीत, एवढीच काळजी घ्यायची. पुण्यात गेली २७ वर्षं मी अंत्येष्टी सांगतो आणि त्यातली बरीचशी वैकुंठ स्मशानभूमीत दाहिनीपाशी झाली आहेत. पुढे जे लिहितो ते आमच्या देशावरच्या पद्धतीप्रमाणे. तुमच्या घरचा कुळाचार वेगळा असेल तर तपशील थोडे हलतील.

आत्याबाईंच्या शंकेचं मूळ मला समजतं. विद्युतदाहिनी म्हणजे ‘विधी न मानणाऱ्यांची’ सोय, असं आपल्याकडे बराच काळ समजलं गेलं. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपलं दहन विद्युतदाहिनीत आणि कोणत्याही विधीशिवाय व्हावं असं मृत्युपत्रात लिहिलं होतं, आणि १९६६ साली मुंबईत ते तसंच झालं. त्यामुळे दाहिनी आणि विधी न करणं या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकमेकींना चिकटून बसल्या. पण त्या दोन वेगळ्या इच्छा होत्या. तुमच्या बाबांनी फक्त पहिली लिहिली आहे की दोन्ही, हे त्यांना आत्ताच विचारून घ्या. नंतर त्यावरून दोन बहिणींत वाद होण्यापेक्षा आज पाच मिनिटं अवघड बोलणं परवडतं.

शास्त्राचं म्हणाल तर देह मिळालाच नाही अशा वेळी पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून तिचं दहन करायचा पालाशविधी आपल्याकडे आहे. ज्या परंपरेने देहाशिवायही अंत्येष्टीची वाट काढली, ती लाकडं नाहीत म्हणून अडेल असं मला वाटत नाही. दहनाच्या वेळी आम्ही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला ‘मैनमग्ने वि दहो’ हा मंत्र म्हणतो. त्यात अग्नीला विनवणी आहे की याला करपवून टाकू नकोस, नीट परिपक्व कर आणि मग पितरांकडे पोहोचव. ही विनवणी अग्नीला आहे, सरणाला नाही.

आता दाहिनीत काय घडतं ते जरा समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना का देतो ते कळेल. आत उष्णता सोसणाऱ्या विटांची एक लांबट खोली असते. भिंतींत तारांची वेटोळी असतात आणि ती खोली आधीच साधारण सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापवून ठेवलेली असते. देह रुळांवरच्या गाड्यावरून आत सरकवतात आणि दार वरून खाली येतं. खालून कुणी ज्वाळा सोडत नाही. त्या उष्णतेने कापड आणि बांबू काही क्षणांतच पेट घेतात आणि मग देह स्वतःच्या ज्वाळेने जळतो. एक ते दीड तास लागतो. दार जितका वेळ उघडं राहील तितकी आतली उष्णता जाते, म्हणून तिथला कर्मचारी घाई करतो. तो उद्धट नसतो. तुमचं सगळं दाराशी येण्याआधी आटोपलेलं असेल तर त्याला घाई करावी लागत नाही आणि तुम्हालाही धक्काबुक्की झाल्यासारखं वाटत नाही.

सुरुवात सामानापासून. अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात ‘विद्युतदाहिनी आहे’ म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा अग्नीचं मडकं आणि गोवऱ्या वगळतो. त्याला सांगायचं, दोन्ही मडकी द्या: एक अग्नीचं, एक पाण्याचं. शिवाय दोन-तीन गोवऱ्या, कापूर, काळे तीळ, दर्भ, सातूचं म्हणजे जवाचं पीठ, थोडं तूप, सुती पांढरं कापड आणि एक मातीची पणती किंवा परळ. ही परळ माझी भर आहे, तिचा उपयोग पुढे सांगतो. तिरडी सुतळीने बांधा, नायलॉनच्या दोरीने नको. बऱ्याच ठिकाणी देह तिरडीवरून उचलून दाहिनीच्या गाड्यावरच्या बांबूच्या तट्टीवर घेतात. तेव्हा बांधलेलं चटकन कापता आलं पाहिजे.

घरी करायचं ते नेहमीप्रमाणेच. तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल, स्नान, नवं वस्त्र, आणि अंगणात किंवा जिन्याखाली गोवरीवर पेटवलेला अग्नी. तो मडक्यात घेऊन कर्ता तिरडीपुढे चालतो. सोसायटीत धुराची भीती असेल तर एकच गोवरी पेटवा, निखारा झाला की पुरे. वाटेत विसावा द्यायचा तोही शववाहिनी थांबवून देता येतो. स्मशानाच्या फाटकाशी दिला तरी चालतं.

स्मशानात पोहोचल्यावर आधी कागद. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांनी भरलेला ४अ नमुना, रुग्णालयात झाला असेल तर नमुना ४, आणि मृताचं व अर्जदाराचं आधार कार्ड. एका शांत डोक्याच्या नातेवाइकाला याच कामावर ठेवा. तुम्ही दोघी देहाजवळ राहा.

मग देह दाहिनीसमोरच्या चौथऱ्यावर ठेवतात. विधीचा गाभा इथे होतो. कर्ता स्नान करून किंवा निदान अंगावर पाणी घेऊन बसतो, जानवं अपसव्य, म्हणजे उजव्या खांद्यावर. तुमच्यापैकी जी करेल तिने उपरणं किंवा ओढणी उजव्या खांद्यावर घ्यायची आणि बोटात दर्भाचं पवित्रक. मुलगा नसेल तर धर्मशास्त्राच्या अधिकारी-क्रमात मुलगी येते, त्यामुळे ‘चालतं का’ हा प्रश्न कुणी विचारला तर गुरुजींकडे बोट दाखवा. मंत्र गुरुजी म्हणतात, संकल्प आणि कृती तुमची.

सातूच्या पिठात तीळ घालून लिंबाएवढे पाच पिंड करायचे आणि कपाळावर, मुखावर, दोन्ही बाहूंवर आणि छातीवर एकेक ठेवायचा. तुपाचे थेंब द्यायचे. चितेवर आपण सढळ हाताने तूप ओततो, इथे चमचाभर पुरे. तापलेल्या बंद खोलीत जास्त तूप गेलं की एकदम भडका होतो आणि काळा धूर कोंडतो. चंदनाचं किंवा तुळशीचं बोटभर काष्ठ छातीवर ठेवा, त्याला कुठलाही कर्मचारी हरकत घेत नाही. नारळ मात्र आत पाठवू नका. अख्खा नारळ उष्णतेने फुटतो आणि विटांना तडे जातात. प्लॅस्टिकची फुलं, जरीचं किंवा नायलॉनचं कापड, चष्मा, बांगड्या, अत्तराची बाटली हे सगळं इथेच बाजूला काढायचं.

यानंतर क्रमाचा खरा पेच येतो. चितेवर आधी अग्नी देतात आणि मग पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तीन अप्रदक्षिणा. दाहिनीभोवती फिरता येत नाही, ती भिंतीत बसवलेली असते. म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी मडकं फोडतात आणि मग दाराशी कापूर पेटवतात, किंवा कापूर चौथऱ्यावरच छातीवर पेटवतात आणि तो आत जाईपर्यंत विझून जातो. दोन्हीत काहीतरी उलटं होतं. मी यावर परळीचा मार्ग धरला आहे. घरून आणलेल्या मडक्यातला निखारा परळीत घेऊन तिच्यात कापूर घालायचा आणि ती देहाच्या डोक्याशी चौथऱ्यावर ठेवायची. कर्त्याने तिथेच मंत्राग्नी द्यायचा, म्हणजे अग्नीला सांगून झालं. मग देह आणि परळ दोन्हींना धरून तीन फेऱ्या. दर फेरीला मागच्या माणसाने अश्म्याने, म्हणजे स्मशानातून उचललेल्या दगडाने, मडक्याला एक भोक पाडायचं, पाण्याची धार पडत राहते. तिसरी फेरी संपली की मडकं मागे न बघता खांद्यावरून टाकायचं. बोंब मारायची असते तीही इथेच. नंतर देह गाड्यावर जातो, आणि दार उघडण्याच्या क्षणी त्याच परळीतला पेटता कापूर चिमट्याने छातीवरच्या काष्ठावर ठेवायचा. घरून निघालेला अग्नी असा खरोखरच देहाबरोबर आत जातो. आत्याबाईंना हे एकदा सांगून पाहा.

काही ठिकाणी कर्त्याला कळ दाबायला देतात. विधीत तिला वेगळं स्थान नाही, पण पुष्कळांना ती कळ म्हणजेच भडाग्नी वाटतो आणि ते मला गैर वाटत नाही. फक्त ओल्या हाताने दाबू नका, आणि ओलं वस्त्र असेल तर त्याआधी कोरडं उपरणं गुंडाळा. दार उघडताना सात-आठ फूट मागे उभं राहा, पदर आणि ओढणी खोचून घ्या. उष्णतेचा झोत अनपेक्षित असतो.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यात सगळ्या अडचणी एकाच संध्याकाळी आल्या. एक निवृत्त शिक्षिका, वय ७४, रुग्णालयात गेल्या. मोठी मुलगी पुण्यात, धाकटी परदेशात. देह घरी न नेता थेट स्मशानात आणला, पाच वाजता. आधी दोन देह होते. मी विचारलं, अंगावर किंवा अंगात धातूचं काही आहे का? मुलगी म्हणाली, आईला पेसमेकर होता. रुग्णालयाने तो काढला नव्हता आणि कुणी तसं विचारलंही नव्हतं. पेसमेकरमधली बॅटरी त्या उष्णतेत फुटते. भट्टीच्या विटा उडतात आणि झरोक्यातून बघणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. कर्मचाऱ्याने देह घ्यायला नकार दिला आणि त्याचं बरोबर होतं. ओळखीच्या डॉक्टरांना बोलावून तो काढून घ्यायला दोन तास गेले. मी तोवर पिंड करून ठेवले होते, ते वाळून तडकले, पुन्हा मळावे लागले.

पण त्या दोन तासांचा आम्ही उपयोग केला. घरचा विधी झालाच नव्हता, म्हणून चौथऱ्यावर ओल्या वस्त्राने देह पुसून स्नान घातलं, तुळशीपत्र ठेवलं आणि धाकटीला फोनच्या पडद्यावर घेऊन तिच्याकडून आईला हाक मारून घेतली. अग्नी घरून आला नव्हता, तो तिथेच गोवरीवर पेटवला. मोठीने फेऱ्या घेतल्या, मामाने अश्म्याने मडकं टोचलं. साडेसात वाजता गाडा आत गेला. तेव्हापासून फोनवर वेळ ठरवतानाच मी पेसमेकरचं विचारतो. तुमच्या बाबांना असेल तर ते एका कागदावर त्यांच्या त्या इच्छेशेजारीच लिहून ठेवा. तो काढायचं काम रुग्णालयात थोड्या वेळात होतं, स्मशानात ते फार जड जातं.

दार बंद झाल्यावर पहिलं काम तिलांजली. अश्म्यावर तिळाचं पाणी द्यायचं, आधी कर्त्याने, मग बाकीच्यांनी. हा अश्मा, ज्याला जीवखडा म्हणतात, तो दिसायला साधाच दगड. मडकं टोचून झालं की तो कुठेतरी टाकून दिला जातो आणि दहाव्या दिवशी शोधाशोध सुरू होते. चिता धगधगत असताना माणसं तासभर तिथेच बसतात, म्हणून कुणाच्या तरी लक्षात राहतो. दाहिनीपाशी लोक लगेच पांगतात, म्हणून हरवतो. तो कापडात बांधून कर्त्यानेच जवळ ठेवावा, दुसऱ्याकडे देऊ नये.

पूर्वी कवटी फुटल्याचा आवाज आला की माणसं उठायची. उत्तरेकडे कपालक्रिया बांबूने करतात, आपल्याकडे साधारणपणे फक्त वाट पाहतात. दाहिनीत तो आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे करायचं असं काही सुटत नाही, फक्त उठायची खूण हरवते. मी घरच्यांना अर्धा तास तरी बसायला सांगतो. तेवढ्या वेळाने कर्मचारी झरोक्यातून पाहून दहन नीट लागलं आहे असं सांगतो. मग उठावं.

राहिलं सावडणं. चितेची राख थंड व्हायला वेळ लागतो म्हणून आपण सहसा तिसऱ्या दिवशी जातो, पण अस्थिसंचयनाला पहिला, तिसरा, सातवा आणि नववा असे दिवस सांगितले आहेत. पहिला दिवस त्यात आहे, त्यामुळे दाहिनीतून त्याच दिवशी अस्थी घेण्यात काही चुकत नाही. तसं करावंच लागतं, कारण पुढच्या देहासाठी भट्टी मोकळी करायची असते. अस्थी लोखंडी दांड्याने खालच्या पेटीत ओढतात. तेव्हा घरचं एक माणूस समोर असावं आणि पावतीवरचा क्रमांक पेटीशी ताडून घ्यावा. मिसळ होण्याची भीती असते ती इथेच, आणि ती टाळायचा उपाय प्रत्यक्ष उभं राहणं हाच.

चितेची राख पाहिलेल्यांना दाहिनीतल्या अस्थी पाहून धक्का बसतो. चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, त्यामुळे तिथे सगळी लाकडाचीच राख दिसते. इथे लाकूड नाही. जे मिळतं ते जवळजवळ सगळं अस्थींचं असतं, पांढरं, तुकडे ओळखू येतील असे, मोठ्या माणसाचं दोन-तीन किलो. लहान मडक्यात ते मावत नाही, मोठं घ्या. कोमट होईपर्यंत थांबा. गरम अस्थींवर दूध शिंपडलं की वाफ अंगावर येते आणि मडकंही तडकतं.

सावडताना पायांकडून सुरू करून डोक्याकडे जात अस्थी वेचायच्या असतात. पेटीत तो क्रम मोडलेला असतो आणि परत लावता येत नाही. इथे काहीतरी खरोखर जातं, हे मी लपवत नाही. मी असं करतो: अस्थी दर्भ अंथरलेल्या परातीत घ्यायच्या, दूध-पाणी शिंपडायचं, आणि कर्त्याने मोठे तुकडे एकेक करून हाताने मडक्यात ठेवायचे. पायाचं हाड ओळखू आलं तर ते आधी, कवटीचा तुकडा सर्वांत शेवटी, वर. उरलेली रक्षा वेगळ्या कापडात. मडकं पांढऱ्या वस्त्राने बांधून स्मशानातल्या अस्थी ठेवण्याच्या खोलीत ठेवता येतं, घरात आणत नाहीत. विसर्जन दहा दिवसांच्या आत, नाशिकला रामकुंडात, आळंदीला किंवा तुमच्या घराण्याच्या नेहमीच्या तीर्थावर.

एक सावधगिरी. दाहिनी बंद पडू शकते. थंड झालेली भट्टी पुन्हा तापायला काही तास जातात. निघण्याआधी स्मशानात फोन करून ती चालू आहे का, आधी किती देह आहेत, आणि बंद पडली तर गॅसदाहिनी आहे का, एवढं विचारा. पिंड देऊन झाल्यावर बिघाड झाला आणि देह दुसऱ्या दाहिनीकडे किंवा चितेवर न्यावा लागला, तर झालेलं कर्म पुन्हा करायचं नाही. परळीतला अग्नी तेवढा जिवंत ठेवा, गोवरीचा तुकडा घालत राहा.

यापुढे दाहिनीचा संबंध संपतो. दिवस मृत्यूच्या दिवसापासूनच मोजायचे. दहाव्याला तोच अश्मा घेऊन घाटावर जायचं, पिंड, कावळा शिवणं, अकरावा, बारावा, तेरावा सगळं नेहमीसारखं. दहाव्याला पिंडदान झाल्यावर तो अश्मा नदीत सोडायचा. तोवर तो कुठे ठेवला आहे हे तुम्हा दोघींनाही माहीत असू द्या.